लोणी निघालेले ताक आणि पातळ केलेले दही: फरक नेमका कशात?

‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण ज्या घरांमध्ये रुजली, तेथे ताक मुद्दाम केले जात नसे. घरात दुभते असे, साय साठवून विरजली जाई, रवीने घुसळून लोणी काढले जाई आणि लोणी काढून घेतल्यावर जे उरे ते ताक. ते उरतही भरपूर, म्हणून शेजारपाजारचे लोक भांडे घेऊन मागायला येत. आज लंडन, दुबई किंवा न्यू जर्सीतील मराठी स्वयंपाकघरात क्रम उलटा झाला आहे. ताक हवे म्हणून दह्यात पाणी घातले जाते, मीठ आणि जिरेपूड टाकून ते ढवळले जाते आणि पेल्यात ओतले जाते. या साऱ्या प्रक्रियेत लोणी कोठेच येत नाही.

या दोन पेयांविषयी दोन ठाम मते ऐकू येतात. पहिले असे, की घुसळलेले ताकच ‘जिवंत’ असते आणि पातळ केलेल्या दह्यात जिवाणूंचा लाभ उरत नाही. दुसरे असे, की दोन्ही एकच असून चवीतला फरक हा केवळ गावाकडच्या आठवणींचा खेळ आहे. ही दोन्ही मते तपासणीत टिकत नाहीत. फरक खरा आहे, पण तो जिवाणूंच्या संख्येत नसून स्निग्धांशाचे काय झाले यात आहे. जिवाणूंचे भवितव्य ठरते ते विरजण कोणते वापरले आणि ताकाला उष्णता लागली की नाही, यांवर.

हा भेद जुन्यांनाही ठाऊक होता. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात ताकाचे पाच प्रकार दिले आहेत. सायीसह, पाणी न घालता घुसळलेले ते घोल. साय काढून, पाणी न घालता घुसळलेले ते मथित. चतुर्थांश पाणी घातलेले ते तक्र. निम्मे पाणी घातलेले ते उदश्वित. आणि सार काढून भरपूर पाणी घातलेले, निवळ असे ते छच्छिका. या वर्गवारीत दोन प्रश्न वेगवेगळे ठेवले आहेत: स्निग्धांश आत राहिला की बाहेर काढला, आणि पाणी किती घातले. आजच्या चर्चेत नेमकी याच दोन प्रश्नांची सरमिसळ होते.

लोणी निघते तेव्हा काय घडते

दुधातील स्निग्धांश अतिसूक्ष्म गोलकांच्या रूपात असतो. गाईच्या नैसर्गिक दुधात या गोलकांचा व्यास सरासरी तीन-चार मायक्रोमीटर असतो. प्रत्येक गोलकाभोवती प्रथिने आणि फॉस्फोलिपिडे यांचे पातळ आवरण असते. या आवरणामुळेच गोलक एकमेकांना चिकटत नाहीत. फॉस्फोलिपिडांचे एक टोक पाण्याशी आणि दुसरे स्निग्धांशाशी जुळवून घेते, त्यामुळे ती दोहोंमध्ये दुव्याचे काम करतात.

रवीच्या आघातांनी हे आवरण फाटते. आतील स्निग्धांश थोडा घट्ट आणि थोडा मऊ असेल, तर फाटलेले गोलक एकमेकांना चिकटू लागतात. आधी बारीक कण दिसतात, मग त्यांचे गोळे होतात आणि लोणी वर येते. मात्र आवरणाचे फाटलेले तुकडे सर्वच्या सर्व लोण्याबरोबर जात नाहीत. त्यांतील मोठा वाटा खालच्या द्रवात, म्हणजे ताकात, उतरतो. लोणी निघालेल्या ताकात स्निग्धांश अगदी कमी, पण फॉस्फोलिपिडांचे प्रमाण त्या मानाने लक्षणीय असते ते यामुळेच.

दह्यात पाणी घालून ढवळले, तर यातील काहीही घडत नाही. गोलक शाबूत राहतात, स्निग्धांश जागच्या जागी राहतो, फक्त सारे मिश्रण विरळ होते. पाच मिनिटे मिक्सर फिरवला तरी फेस येईल, लोणी येईलच असे नाही. निर्णायक गोष्ट घुसळणे ही नाही. लोणी सुटणे ही आहे.

चव आणि स्पर्श

जिभेला जाणवणारा पहिला फरक येथूनच येतो. लोणी निघालेले ताक हलके असते, पण पाणचट लागत नाही, कारण आवरणातील फॉस्फोलिपिडे द्रवाला एक मऊपणा देतात. त्यात लोण्याचे एखाद-दुसरे बारीक कण तरंगताना दिसतात. पातळ केलेले दही सायीच्या दह्याचे असेल, तर जिभेवर स्निग्ध थर ठेवते. बिनसायीच्या दह्याचे असेल, तर किंचित खडूसारखे, कोरडे लागते. थोडा वेळ ठेवल्यास दोन्ही प्रकारांत दह्याचे कण तळाशी बसतात आणि वर निवळ येते. त्यामुळे ‘खाली बसले म्हणजे खोटे ताक’ ही परीक्षा विश्वासार्ह नाही.

दुसरा फरक सुवासाचा आहे आणि तो मुख्यतः विरजणाचा आहे. भारतीय घरगुती दह्यात बहुधा लॅक्टोकॉकस कुळातील जिवाणू असतात, आणि त्यांच्या जोडीला कधी ल्यूकोनोस्टॉक तर कधी इतर जाती आढळतात. यांतील काही जिवाणू दुधातील सायट्रेटपासून डायअसिटिल नावाचे द्रव्य तयार करतात. ताज्या लोण्याचा जो ओळखीचा गंध असतो, तो मुख्यतः याच द्रव्याचा. त्याच्या निर्मितीच्या अखेरच्या टप्प्याला प्राणवायूची मदत होते आणि घुसळताना हवा मिसळते, म्हणून नुकत्याच घुसळलेल्या ताकाला गंध अधिक येतो.

दुकानातील योगर्टमध्ये मात्र स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस हे जिवाणू असतात. त्यांच्या कामातून प्रामुख्याने ॲसिटाल्डिहाइड तयार होते, ज्याचा गंध हिरव्या सफरचंदाची आठवण करून देणारा, तीक्ष्ण असतो. ग्रीक योगर्टमध्ये पाणी घालून केलेले ताक ‘आंबट आहे, पण ताकासारखे लागत नाही’ अशी तक्रार येते, ती याच कारणाने. त्यात रवी किती वेळ फिरवली याचा संबंध नाही.

जिवाणू: हिशेब आणि मर्यादा

घुसळल्याने जिवाणू मरत नाहीत. रवीचे किंवा मिक्सरचे आघात स्निग्ध गोलकांचे आवरण फाडू शकतात. त्या गोलकांहून लहान आणि चिवट पेशीभित्ती असलेल्या जिवाणूंना त्याने विशेष इजा होत नाही. लोणी वेगळे होताना बहुतांश जिवाणू पाण्याच्या भागात, म्हणजे ताकातच राहतात.

उदाहरणादाखल समजू, की एका मिलिलिटर दह्यात दहा कोटी जिवंत जिवाणू आहेत. त्यात तेवढेच पाणी घातले, तर मिलिलिटरमागे पाच कोटी उरतात आणि २०० मिलिलिटरच्या पेल्यात एक हजार कोटी येतात. तिप्पट पाणी घातले, तर त्याच पेल्यात पाचशे कोटी येतात. घुसळलेल्या ताकालाही हाच हिशेब लागू होतो, कारण त्यातही पाणी घातलेलेच असते. आंबवलेल्या दुधासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात ग्रॅममागे किमान एक कोटी जिवंत विरजण-जिवाणूंची अट आहे. वरील दोन्ही पेये त्या आकड्याच्या वरच राहतात. तेव्हा पातळ केलेले दही ‘निर्जीव’ असते, हा समज सोडून द्यायला हवा.

पण या जिवाणूंकडून कशाची अपेक्षा करावी, हेही पाहिले पाहिजे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये योगर्टमधील जिवंत जिवाणूंमुळे लॅक्टोजचे पचन सुधारते, हा दावा ग्राह्य धरला. तो केवळ योगर्टच्या त्या दोन जातींपुरता आहे आणि त्यासाठी ग्रॅममागे किमान दहा कोटी जिवाणूंची अट आहे. लॅक्टोकॉकसप्रधान घरगुती दह्याला तो आपोआप लागू होत नाही. ‘प्रोबायोटिक’ हा शब्दही शास्त्रात ज्याचा विशिष्ट उपप्रकार ठाऊक आहे आणि ज्याचा लाभ सिद्ध झाला आहे, अशा जिवाणूसाठीच वापरतात. ज्याच्या विरजणात नेमके काय आहे हे कोणी मोजलेले नाही, अशा ताकाला तो शब्द लावणे अचूक नाही. दूध न सोसणाऱ्या अनेकांना ताक सोसते, यामागे आणखी एक साधे कारण असते. विरजताना थोडे लॅक्टोज खर्ची पडते आणि घातलेल्या पाण्याने उरलेले विरळ होते, त्यामुळे पेल्यामागे लॅक्टोजच कमी जाते.

ताक खरोखर निर्जीव होते ते उष्णतेने. कढी उकळली की त्यातील विरजण-जिवाणू संपतात. लिटरभर गार ताकावर चमचा-दोन चमचे गरम फोडणी ओतल्याने मात्र एकूण तापमान फारसे चढत नाही. शीतकपाटाबाहेर महिनोन्महिने टिकणारी खोक्यांतील ताके उच्च तापमानाला तापवलेली असतात. त्यांची चव ताकाची असली, तरी त्यांत जिवंत विरजण नसते.

परदेशातील दुधापुढे रवी का हरते

अनेक घरांत हौसेने रवी आणली जाते, दुकानातील पूर्ण स्निग्धांशाच्या दुधाचे दही लावले जाते आणि अर्धा तास घुसळूनही लोणी दिसत नाही. दोष हातांचा नसतो, दुधाचा असतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये दुकानांत मिळणारे बहुतेक दूध होमोजिनाइज केलेले, म्हणजे समांगी केलेले असते. त्यात दूध प्रचंड दाबाखाली अरुंद फटीतून ढकलले जाते आणि स्निग्ध गोलकांचे तुकडे होऊन ते एक मायक्रोमीटरच्या आसपास येतात. एकूण पृष्ठभाग इतका वाढतो की मूळचे आवरण पुरत नाही आणि उघड्या भागावर केसीन हे प्रथिन जाऊन बसते. असे लहान, केसीनने मढवलेले गोलक रवीच्या आघाताने सहजी एकत्र येत नाहीत. म्हणूनच त्या दुधावर जाड साय धरत नाही आणि त्याच्या दह्यातून लोणी निघत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे वर साय धरणारे, समांगी न केलेले दूध घेणे. असे दूध पाश्चरीकृत स्वरूपातही मिळते. समांगी न केलेले म्हणजे कच्चे, असे समीकरण नाही. कच्च्या दुधातून गंभीर संसर्ग होऊ शकतो आणि ते विरजल्याने तो धोका पूर्ण टळत नाही. दुसरा आणि सहज जमणारा उपाय क्रीमचा आहे. क्रीममधील गोलक बहुधा मोठे असतात आणि स्निग्धांश दाट असतो, त्यामुळे लोणी सुटते.

एक लिटरचा हिशेब

अमेरिकेतील हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो. २५० मिलिलिटर क्रीम आणि ७५० मिलिलिटर स्किम, म्हणजे पूर्ण साय काढलेले दूध, घ्यावे. ब्रिटनमधील डबल क्रीम साधारण ४८ टक्क्यांचे असते, तेथे १९० मिलिलिटर क्रीम पुरते. दूध स्किमच घ्यायचे, कारण पूर्ण दुधातील समांगी केलेला स्निग्धांश लोण्यात न येता ताकात अडकून राहतो. क्रीमच्या डब्यावर घटक म्हणून केवळ क्रीम लिहिलेले असेल तर उत्तम. दाटपणासाठी डिंकासारखे पदार्थ घातलेले क्रीम घुसळायला वेळ लावते.

दूध उकळून कोमट होऊ द्यावे आणि मग त्यात क्रीम मिसळावे. विरजण म्हणून दोन मोठे चमचे कल्चर्ड बटरमिल्क घालावे. दुकानातील हे बटरमिल्क लोण्याखाली उरलेले ताक नसते. कमी स्निग्धांशाचे दूध विरजून ते केलेले असते. पण ते विरजणारे जिवाणू लॅक्टोकॉकस आणि ल्यूकोनोस्टॉक या कुळांतील असतात, म्हणजे घरगुती दह्याच्या जवळचे. मिश्रण २२ ते २५ अंश सेल्सिअसला साधारण १४ ते १८ तासांत लागते. दही लावण्याच्या विजेच्या भांड्यात ते ठेवू नये. तेथील ४० अंशांहून अधिक ऊब योगर्टच्या जिवाणूंना मानवते, लॅक्टोकॉकसला नाही. भारतातून आणलेल्या विरजणाची चव अशा भांड्यात काही फेऱ्यांत बदलते, त्याचेही कारण बहुधा हेच असते.

लागलेले दही रात्रभर शीतकपाटात ठेवावे, म्हणजे स्निग्धांशाचा काही भाग घट्ट होतो. घुसळताना ते १२ ते १४ अंश सेल्सिअसला, म्हणजे साधारण ५४ ते ५७ अंश फॅरनहाइटला आणावे. रवी, हँड मिक्सर किंवा घट्ट झाकणाची मोठी बरणी, यांपैकी काहीही चालते. मिश्रण आधी दाटते, मग फुगते, मग एकाएकी फुटल्यासारखे होऊन पिवळसर कण दिसू लागतात. या क्षणी वेग कमी करावा, एक लिटर गार पाणी घालावे आणि कण गोळा होईपर्यंत सावकाश फिरवावे.

क्रीममधून सुमारे ९० ग्रॅम स्निग्धांश आत गेलेला असतो. त्यातील ८० ग्रॅम बाहेर आला, तर पाण्याच्या अंशासह सुमारे १०० ग्रॅम लोणी हाती येते. उरलेल्या १.९ लिटर ताकात १० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा टक्का स्निग्धांश असतो. याउलट सव्वातीन टक्के स्निग्धांशाच्या दुधाचे लिटरभर दही आणि लिटरभर पाणी यांचे मिश्रण केले, तर त्यात सुमारे ३३ ग्रॅम, म्हणजे १.६ टक्के स्निग्धांश राहतो. प्रथिने दोन्हींत जवळपास सारखीच असतात. हृदयविकारामुळे ‘ताक हलके असते’ म्हणून रोज दोन-तीन पेले पिणाऱ्यांनी हा तिपटीचा फरक ध्यानात घ्यायला हवा. लोणी काढायचे नसेल, तर त्यांच्यासाठी स्किम दुधाचे दही पातळ करणे हाच सरळ मार्ग आहे.

बिघडते कोठे

सर्वांत जास्त बिघाड तापमानाने होतो. दही फार गार असेल, तर नुसता फेस येतो आणि मिश्रण भांड्याच्या काठापर्यंत फुगते. अशा वेळी थोडे कोमट पाणी घालावे. फार उबदार असेल, तर लोणी तेलकट, मलमासारखे होते, नीट गोळा होत नाही आणि ताक पांढरे, जड राहते. तेव्हा बर्फाचे खडे उपयोगी पडतात. महाराष्ट्रातील घरांत थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार पाणी घालून घुसळण्याची रीत आहे, ती याच नियमाची.

दुसरा बिघाड साठवणीचा आहे. लोणी निघालेल्या ताकातील फॉस्फोलिपिडांवर हवेचा परिणाम लवकर होतो आणि धातूसारखी, जुनाट चव येते. त्यामुळे ते त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावे. पातळ केलेले दही या बाबतीत उजवे ठरते: दही शीतकपाटात ठेवून हवे तेव्हा हवे तेवढे पाणी घालता येते.

दुकानात काय वाचावे

डब्यावरील नावापेक्षा घटकांची यादी अधिक सांगते. बटरमिल्कमध्ये बहुधा मीठ असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी सोडियमचा आकडा पाहावा. जिवंत जिवाणूंचा उल्लेख आहे का, आणि विरजल्यानंतर ते तापवलेले आहे का, हे दोन मुद्दे तपासावेत. आखाती देशांतील लबन हे विरजलेले, पिण्याजोगे दूध असते. त्यामुळे ते पातळ केलेल्या दह्याच्या कुळातले आहे, लोण्याखालच्या ताकाच्या नव्हे. जिवंत विरजण हवे असणाऱ्याला त्यानेही काम भागते.

रोजच्या जेवणासोबतच्या पेल्यासाठी चांगल्या विरजणाचे दही पातळ करण्यात काहीही गमावले जात नाही, अगदी जिवाणूही नाहीत. लोण्याचा गंध, हलकेपणा आणि त्याच वेळी येणारा मऊ स्पर्श हवा असेल, तर मात्र लोणी काढण्याला पर्याय नाही. शिवाय त्या दिवशी घरात शंभर ग्रॅम लोणीही असते, जे कढवले तर जेमतेम ८० ग्रॅम तूप होते.